विचारलेल्या प्रश्नाला उत्तरच आलं नाही, तर दुसरी आठवण कशी पाठवायची

सोमवारी सकाळी मदतकक्षाकडे एक मेल आला. प्रशिक्षणाचं काम बघणाऱ्या मॅडमनी लिहिलं होतं, "मागच्या प्रशिक्षणाच्या सहभागींची यादी हवी आहे. शुक्रवारी दुपारपर्यंत मिळाली तर बरं होईल." आमच्याकडे नुकताच रुजू झालेला एक मुलगा होता. त्याने अर्ध्या तासात उत्तर पाठवलं:

"नमस्कार मॅडम, आपली विनंती मिळाली. यादी काढण्यासाठी काही तपशील आवश्यक आहेत. मागच्या महिन्यात याच विषयाच्या दोन तुकड्या झाल्या असल्याने आपल्याला नेमकी कोणती अपेक्षित आहे हे स्पष्ट होत नाही. तसेच यादीत फोन नंबर हवेत की फक्त नाव व ईमेल, गैरहजर सहभागींचा समावेश करावा का, फाइल एक्सेलमध्ये हवी की पीडीएफमध्ये, आणि यादीचा उपयोग कशासाठी होणार आहे, हेही कृपया कळवावे."

बुधवार उजाडला तरी उत्तर नव्हतं. त्याने दुसरा मेल लिहून तयार ठेवला होता, पाठवायच्या आधी मला दाखवला:

"आपल्याकडून अद्याप उत्तर प्राप्त झालेले नाही. कृपया लवकरात लवकर माहिती द्यावी, जेणेकरून पुढील कार्यवाही करता येईल."

यात खोटं काही नाही आणि व्याकरणही बरोबर आहे. तरी मी तो थांबवला. त्या दिवशी आम्ही दोघांनी बसून जे केलं, तेच इथे क्रमाने लिहितो आहे. मदतकक्ष असो, संपादन असो, हिशेब असो, मागणी दुसऱ्याची आणि शंका आपली असेल तिथे हाच क्रम चालतो.

आधी प्रश्न पोचला का ते बघा

उत्तर आलं नाही म्हणजे समोरच्याने टाळलं, असं आपण फार चटकन धरतो. म्हणून आधी आपला पाठवलेला मेल उघडायचा आणि तो कोणत्या पत्त्यावर गेला ते वाचायचं. मागणी एखाद्या फॉर्ममधून आलेली असेल, तर "रिप्लाय" दाबल्यावर मेल कधीकधी त्या माणसाकडे जातच नाही. तो फॉर्मच्या स्वतःच्या पत्त्यावर जातो, आणि noreply अशा नावाने सुरू होणारी ती पेटी कोणीच उघडत नाही. माणसाचा खरा पत्ता फॉर्मच्या मजकुरात, एखाद्या ओळीत लिहिलेला असतो. आमच्याकडे असे प्रश्न आठवडाभर हवेत विरलेले मी पाहिले आहेत, आणि समोरचा माणूस इकडे आपली मागणी कोणी बघितलीच नाही म्हणून चिडलेला.

दुसरं म्हणजे मेल परत आला आहे का ते बघायचं. पत्ताच चुकीचा असेल तर परतीची सूचना बहुधा काही मिनिटांत येते. पण समोरचा सर्व्हर तात्पुरता बंद असेल किंवा त्या माणसाची पेटी भरलेली असेल, तर आपला सर्व्हर पुन्हा पुन्हा प्रयत्न करत राहतो. मेलच्या देवाणघेवाणीचे जे मूळ तांत्रिक नियम आहेत, त्यांत हार मानण्याआधी निदान चार-पाच दिवस प्रयत्न चालू ठेवावेत असं सांगितलेलं आहे. म्हणजे सोमवारी गेलेला मेल पोचलाच नाही, हे आपल्याला शुक्रवारी किंवा शनिवारी कळू शकतं. काही सर्व्हर मध्येच "उशीर होतो आहे" अशी सूचना पाठवतात, काही पाठवत नाहीत. जीमेलमध्ये या सूचना Mail Delivery Subsystem या नावाने येतात. नवी माणसं त्या जाहिरात समजून न वाचताच उडवतात, म्हणून मुद्दाम सांगतो.

मग सुट्टीवर असल्याचं आपोआप येणारं उत्तर आलं होतं का ते बघा. त्यात परतीची तारीख असते, क्वचित दुसऱ्या सहकाऱ्याचं नावही असतं. परतीच्या दिवशी सकाळी आठवण पाठवू नका. त्या दिवशी पेटी तुंबलेली असते आणि आपला मेल ढिगाच्या तळाशी जातो. एक दिवस जाऊ द्या.

आणि शेवटी शेजाऱ्यांना विचारा. समोरच्या माणसाने आपल्या प्रश्नाचं उत्तर फोनवर दुसऱ्याच कोणाला देऊन टाकलेलं असू शकतं. तसं झालं असेल आणि वर आपण आठवण पाठवली, तर आमच्या कक्षात एकाचा दुसऱ्याला पत्ता नाही हेच त्याला दिसतं.

आमच्या बाबतीत सगळं ठीक निघालं. पत्ता बरोबर होता, मेल परत आलेला नव्हता, मॅडम कामावर होत्या. म्हणजे प्रश्न पोचला होता आणि अनुत्तरित पडला होता.

आपलाच प्रश्न पुन्हा वाचा

आता वर दिलेला त्याचा मेल पुन्हा वाचा, आणि तो दोन बैठकांच्या मधल्या पाच मिनिटांत, फोनच्या पडद्यावर वाचतो आहोत असं समजा. पहिल्या दोन वाक्यांत प्रश्नच नाही. तिसऱ्या वाक्यात एक शंका आहे, पण तीही "स्पष्ट होत नाही" अशी, प्रश्नचिन्हाशिवाय. चौथ्या वाक्यात चार प्रश्न एका दमात. एकूण पाच. यातल्या "फोन नंबर हवेत का" या एकाच प्रश्नासाठी मॅडमना कदाचित आणखी कोणाला तरी विचारावं लागलं असतं. "कशासाठी" हा प्रश्न तर चौकशी केल्यासारखा वाटतो.

असा मेल वाचणारा माणूस आळशी नसतो. तो मनात म्हणतो, "हे जरा निवांत बसून लिहायला हवं." ती निवांत वेळ काही येत नाही. पाचातल्या चार प्रश्नांची उत्तरं त्याला लगेच देता आली असती, पण पाचव्यासाठी अडलेलं पत्र अख्खंच अडून राहतं.

माझं सरळ मत असं आहे की उत्तर न आलेल्या दहा प्रश्नांपैकी बहुतेकांत दोष विचारण्यात असतो. त्यामुळे दुसऱ्या मेलमध्ये पहिलाच प्रश्न आणखी ठासून विचारायचा नसतो, तो सोपा करून विचारायचा असतो. "वरील मेलबाबत काय झाले?" एवढीच एक ओळ पाठवली, तर त्या माणसाला खाली जाऊन तोच अवघड परिच्छेद पुन्हा वाचावा लागतो. आधी ज्याने त्याला अडवलं, त्याच्याच दारात आपण त्याला परत नेऊन सोडतो.

कोणते प्रश्न स्वतः सोडवता येतात?

इथे सर्वात जास्त वेळ घालवा. आम्ही जुन्या मागण्या शोधल्या. याच मॅडमनी याआधी तीन वेळा अशीच यादी मागितली होती. तिन्ही वेळा एक्सेल फाइल गेली होती, तिन्ही वेळा फक्त उपस्थित लोकांची, आणि तिन्ही वेळा नाव आणि ईमेल एवढेच रकाने होते. फोन नंबर एकदाही मागितले नव्हते. फाइलचा प्रकार, गैरहजर लोक आणि फोन नंबर, असे तीन प्रश्न तिथेच संपले. "कशासाठी" हा प्रश्न फोन नंबर द्यायचे असते तरच विचारायला हवा होता. ते द्यायचे नाहीत म्हटल्यावर तोही गेला.

उरला एक प्रश्न: तुकडी कोणती. इथे मुलाने चांगली शंका काढली. "दोन्हींच्या याद्या पाठवून मोकळं का होऊ नये? दोन्ही तुकड्या त्यांच्याच तर आहेत."

खरंच, जादा काम फुकटात होत असेल आणि जादा माहिती दिल्याने कोणाचं काही बिघडत नसेल, तर दोन्ही पाठवून द्यावं आणि आठवणीचा विषयच संपवावा. आमची अडचण वेगळी होती. पहिल्या तुकडीची हजेरी संगणकात होती, यादी काढायला दहा मिनिटं पुरेशी होती. दुसऱ्या तुकडीच्या दिवशी यंत्रणा बंद पडल्यामुळे हजेरी कागदावर घेतली होती. ती नावं आणि ईमेल बघून बघून टाइप करायला साधारण तीन तास लागणार होते. गरज नसताना तीन तास घालवायचे का, एवढाच आता खरा प्रश्न होता. पाच प्रश्नांच्या गर्दीत हा कुठेच दिसत नव्हता, आणि मॅडमना तर त्याची कल्पनाच नव्हती.

उत्तर आलंच नाही तर काय करणार, ते आधी ठरवा

दुसरी आठवण लिहायला बसण्याआधी हे ठरलेलं हवं, कारण ते मेलमध्येच लिहायचं आहे. उत्तर आलं नाही तर आपण काय करणार हे कळलं, की समोरच्याला गप्प राहण्याचा अर्थही कळतो.

गृहीत धरायची गोष्ट निवडताना मी दोनच गोष्टी बघतो: चुकली तर ती सहज परतवता येते का, आणि ती कमीत कमी आहे का. पहिल्या तुकडीची यादी आत्ताच पाठवणं या दोन्हींत बसतं. चुकीच्या तुकडीची निघाली तर मॅडम "ही नको" म्हणतील, संपलं. फोन नंबरांसकट यादी पाठवणं मात्र बसत नाही. लोकांचे नंबर एकदा गेले की परत घेता येत नाहीत. म्हणून शंका असेल तिथे गाळलेलं बरं. नंतर हवं म्हणाले तर जोडता येतं.

काही मागण्यांत काहीच गृहीत धरायचं नसतं. समजा कोणी लिहिलं आहे, "नोंदणीतल्या जुन्या नोंदी काढून टाका," आणि जुन्या म्हणजे कधीपासूनच्या या आपल्या प्रश्नाला उत्तर नाही. इथे "शुक्रवारपर्यंत उत्तर न आल्यास मागच्या वर्षाआधीच्या सर्व नोंदी काढू" असं लिहिणं म्हणजे न वाचलेल्या मेलच्या भरवशावर कुऱ्हाड चालवणं. नोंदी पुसणं, पैसे पाठवणं, मजकूर छापायला देणं, कोणाला नकार कळवणं, अशा सगळ्या कामांत गप्प राहण्याचा अर्थ एकच लावायचा: काम थांबलं आहे. लिहायचंही तसंच: "तुमचं उत्तर येईपर्यंत नोंदी आहेत तशाच ठेवतो." यात धमकी नाही, घाई नाही, आणि चूक झालीच तर ती उशीर होण्याचीच होईल.

केव्हा पाठवायची

"तीन दिवसांनी" असा ठरावीक आकडा सांगणारे पुष्कळ आहेत. मी मुदतीपासून मागे मोजतो. आमच्या यादीला शुक्रवार दुपारची मुदत होती. दुसरी तुकडी हवी असेल तर टायपिंगचे तीन तास, आणि मध्ये दुसरी कामं येणार म्हणून ते गुरुवारी दुपारनंतरच सुरू करायला हवेत. म्हणजे गुरुवारी दुपारी 12 पर्यंत आम्हाला कळायला हवं. त्याआधी मॅडमना निदान एक पूर्ण दिवस मिळावा. म्हणून बुधवारी सकाळी. गुरुवारी सकाळी तोच मेल पाठवला असता, तर तो आठवण न राहता अल्टिमेटम झाला असता.

मुदतच नसलेल्या मागणीत मी तीन-चार कामाचे दिवस जाऊ देतो. दुसऱ्याच दिवशी विचारलं तर तगादा वाटतो, आणि दोन आठवड्यांनी विचारलं तर मागणी करणारा स्वतःच विसरलेला असतो, मग त्याला सगळा संदर्भ नव्याने द्यावा लागतो. संध्याकाळी कामाची वेळ संपताना पाठवू नका. तो वाचला जातो, "उद्या बघू" म्हणून ठेवला जातो, आणि सकाळी वाचलेल्या मेलांत गणला जाऊन दृष्टीआड होतो.

मागण्यांची नोंद ठेवणारी यंत्रणा असेल तर आणखी एक बघा. काही ठिकाणी Pending किंवा Waiting for customer अशी खूण केली की यंत्रणाच ठरावीक दिवसांनी आपोआप आठवण पाठवते. ती आधीच गेली असेल तर तुमची दुसरी आठवण समोरच्याच्या दृष्टीने तिसरी असते.

आता लिहायचा मजकूर

आम्ही शेवटी पाठवलेला मेल असा होता:

"नमस्कार मॅडम,

यादी पहिल्या तुकडीची हवी आहे (3 ते 5 तारीख), दुसरीची (17 ते 19 तारीख) की दोन्हींची?

पहिलीची सोबत जोडली आहे. 38 उपस्थित, नाव आणि ईमेल, एक्सेलमध्ये, तुम्हाला याआधी पाठवली तशीच. एवढीच हवी असेल तर काम झालं.

दुसरी हवी असेल तर 'दुसरी' किंवा 'दोन्ही' एवढा एकच शब्द पाठवा. तिची हजेरी कागदावर आहे आणि टाइप करायला साधारण 3 तास लागतात. गुरुवारी दुपारी 12 पर्यंत कळलं तर शुक्रवारी सकाळी पाठवतो. त्यानंतर कळलं तर सोमवारी मिळेल.

सोमवारी मी एकदम पाच प्रश्न विचारले होते. बाकीच्यांची उत्तरं जुन्या याद्यांवरून मिळाली, ते सोडून द्या."

पहिलीच ओळ प्रश्नाची आहे, त्याला कारण आहे. फोनवर मेल आला की पडद्यावर नाव, विषय आणि मजकुराचे पहिले काही शब्द एवढंच दिसतं. तिथे "आपल्या दिनांक अमुकच्या मेलच्या अनुषंगाने" असं आलं तर ती जागा वाया गेली. प्रश्न आला तर मेल न उघडताही माणसाच्या डोक्यात उत्तर तयार होतं.

प्रश्न असा विचारला आहे की "हो" म्हणून चालणार नाही. "पहिल्या तुकडीची पाठवू की दुसरी?" याला "हो, चालेल" असं उत्तर येतं. हसू नका, दर महिन्याला येतं. मग तिसरा मेल लिहिण्यावाचून गत्यंतर नसतं. म्हणून उत्तरात लिहायचा शब्दच हातात द्यायचा. "दोन्ही" हा पर्याय मुलाच्या पहिल्या मसुद्यात नव्हता, तो आम्ही नंतर घातला. आपण दोनच दारं दाखवली आणि समोरच्याला तिसरं हवं असलं, की तो पुन्हा विचार करत बसतो.

आठवणीसोबत अर्धं काम जोडलेलं आहे. माझ्या अनुभवात सर्वात जास्त फरक याने पडतो. नुसता प्रश्न घेऊन गेलो की आपण मागायला आलेले असतो. यादी घेऊन गेलो की द्यायला आलेले असतो, आणि त्यात जाता जाता एक गोष्ट विचारतो. शिवाय समोर प्रत्यक्ष यादी असली की "अरे, ही नव्हे, ती दुसरी" असं लगेच सुचतं. कोऱ्या प्रश्नाने ते सुचत नाही.

मुदतीला कारण दिलं आहे. "गुरुवारी 12 पर्यंत कळवावे" एवढंच लिहिलं असतं तर हुकूम झाला असता. तीन तासांचं टायपिंग सांगितल्यावर तोच मजकूर साधा हिशेब होतो. मुदत चुकली तर काय होईल, तेही सांगितलं आहे: सोमवारी मिळेल. दार बंद केलेलं नाही.

आता भाषेबद्दल, कारण मराठीत इथेच गाडी घसरते. "अद्याप", "प्राप्त", "कार्यवाही", "स्मरणपत्र" हे शब्द आले की वाचणाऱ्याला सरकारी लखोटा दिसतो, आणि स्मरणपत्रानंतर नोटीसच येते हे आपल्या सगळ्यांच्या अंगवळणी पडलेलं आहे. "कळवावे" हा शब्द नम्र वाटतो पण तो वरून खाली येतो. "कळवा" साधं आहे, "कळवाल का?" त्याहून मऊ आहे. आणि "तुम्ही उत्तर दिलं नाहीत" या वाक्याला कसलंही मुलायम वेष्टन घाला, आत आरोपच राहतो. त्याऐवजी कामाची आत्ताची स्थिती सांगायची: "पहिलीची तयार आहे, दुसरीसाठी थांबलो आहे." उत्तर आलेलं नाही हे त्यात न बोलता आलं.

शेवटच्या ओळीत सोमवारचा दोष आपल्याकडे घेतला आहे. ती नुसती विनयाची ओळ नाही, खालच्या पाच प्रश्नांतून समोरच्याची सुटका करणारी ओळ आहे. ती नसती तर मॅडम खाली जाऊन वाचत बसल्या असत्या. पण माफी लांबवू नका. "आपल्या व्यग्र वेळापत्रकात पुन्हा त्रास देतो आहे याबद्दल मनापासून क्षमस्व" असं लिहिलं की समोरच्यालाही परत माफी मागावी लागते, आणि त्या देवाणघेवाणीत प्रश्न बाजूला राहतो.

पाठवताना

त्याच जुन्या मेलला उत्तर म्हणून पाठवा, नवा मेल सुरू करू नका. विषयाची ओळ बदलू नका. जीमेलसारख्या ठिकाणी विषय बदलला की संभाषण तुटतं आणि जुना संदर्भ वेगळा पडतो. विषयात मागणीचा क्रमांक असेल तर तो तर अजिबात हलवायचा नाही, कारण त्यावरूनच यंत्रणा उत्तर योग्य नोंदीत नेऊन ठेवते. "तातडीचे" किंवा "रिमाइंडर 2" असं विषयात घुसडण्याचा मोह आवरा.

पहिल्या मेलमध्ये काही फाइल जोडली असेल तर ती पुन्हा जोडा. बहुतेक मेल प्रोग्रामांत उत्तर देताना जुन्या जोडण्या सोबत जात नाहीत, फॉरवर्ड करताना जातात. "खाली जोडलेला तक्ता बघा" असं लिहायचं आणि खाली तक्ताच नाही, हे फार होतं.

आणि प्रतीमध्ये वरिष्ठांना घालू नका. दुसरी आठवण दोन माणसांमधली राहू द्या. तिसरा माणूस दिसला की समोरचा कामाचं उत्तर देण्याऐवजी स्वतःचा बचाव लिहायला बसतो. मागणीच मुळात एखाद्या गटाच्या पत्त्यावरून आली असेल तर गोष्ट वेगळी. तिथे प्रत्येकाला दुसरा कोणीतरी उत्तर देईल असं वाटतं. अशा वेळी पत्ता गटाचाच ठेवून "नमस्कार मॅडम" ऐवजी मागणी लिहिणाऱ्या व्यक्तीला नावाने हाक मारा.

पाठवल्यावर

पाठवल्या पाठवल्या नोंदीत पुढची तारीख टाका. आम्ही "गुरुवार 12" अशी टाकली. उत्तराची वाट बघत असलेल्या नोंदी रोजच्या यादीतून नाहीशा होतात. त्या नजरेआड गेल्या की समोरच्याइतकेच आपणही त्या विसरतो, आणि मग "उत्तर आलं तर शुक्रवारी पाठवतो" हे वचन आपल्याकडूनच मोडतं.

त्या दिवशी चाळीस मिनिटांत उत्तर आलं: "दोन्ही लागतील, पण दुसरी सोमवारी दिली तरी चालेल." म्हणजे घाई पहिल्या तुकडीचीच होती, आणि ती यादी त्यांच्या हातात पडलेलीही होती.

पण उत्तर आलं नसतं तर? पहिली यादी आम्ही दिलेली होती, म्हणून शुक्रवारी सकाळी एक फोन केला असता, "यादी मिळाली ना?" एवढंच विचारायला. मेल वाचलाच गेला नसेल तर तिसऱ्या मेलनेही तो वाचला जात नाही. तिथे मार्ग बदलावा लागतो. फोन शक्य नसेल आणि मुदतही नसेल, तर आणखी आठवडाभर थांबून मी एक शेवटचा मेल पाठवतो. त्यात प्रश्न नसतोच. "ही मागणी सध्या बंद करतो आहे. दुसऱ्या तुकडीची यादी लागली तर याच मेलला उत्तर द्या, पुन्हा सगळं लिहायची गरज नाही." हे लिहिण्याआधी आपल्या यंत्रणेत ते खरंच शक्य आहे का ते तपासा. झेनडेस्क या मागण्या नोंदवणाऱ्या यंत्रणेत, उदाहरणार्थ, Solved झालेल्या तिकिटाला, म्हणजे मागणीच्या नोंदीला, उत्तर आलं की ते आपोआप पुन्हा उघडतं, पण Closed झालं की उघडत नाही, त्याला जोडून नवं तिकीट तयार होतं. काम दोन्हींत होतं, फक्त त्या नव्या तिकिटावर जुना संदर्भ शोधून बघायचा हे आपल्या लक्षात राहायला हवं.

आणि समजा तीन आठवड्यांनी, सगळं बंद झाल्यावर, तिकडून एकच शब्द आला: "दुसरी". तर मधल्या मेलांचा उल्लेख करू नका. "मिळालं, उद्या संध्याकाळपर्यंत पाठवतो," एवढं लिहा आणि कागदावरची हजेरी काढून टायपिंगला बसा.